नैराश्य हा शब्द मी केसपेपरवर का लिहीत नाही

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या हातात हल्ली एक नवीन कागद असतो. कधी तो आधीच्या डॉक्टरांचा असतो, कधी मोबाइलवर भरलेल्या एखाद्या चाचणीचा निकाल. त्यावर शुद्ध मराठीत लिहिलेलं असतं: नैराश्य, चिंताविकार, तणावग्रस्त. पेशंट मला आजार सांगत नाही, तो शब्द दाखवतो आणि विचारतो, "डॉक्टर, हे काय झालंय मला? मी वेडा होणार का?"

यातल्या निम्म्या लोकांना आजार नसतो. उरलेल्या निम्म्यांना असतो, पण त्या शब्दानं ते इतके घाबरलेले किंवा चिडलेले असतात की औषध घ्यायलाच तयार नसतात. शब्द एकच आणि नुकसान दोन्हीकडून. म्हणून हा लेख थोडा भांडखोर आहे. मराठीत मानसिक आजारांवर लिहिणारे पत्रकार, प्रतिशब्द बनवणारे विद्वान आणि माझेच काही डॉक्टर मित्र यांच्याशी माझं हे भांडण आहे. माझं म्हणणं असं: स्ट्रेस, अँग्झायटी आणि डिप्रेशन या तीन इंग्रजी शब्दांच्या जागी तीन मराठी शब्द ठेवले की भाषांतर झालं, हा समज चुकीचा आहे आणि त्यानं पेशंटचं नुकसान होतं.

सुरुवात सगळ्यात सोप्या शब्दापासून, म्हणजे ताण.

सोलापूरच्या माणसाला ताण समजावून सांगावा लागत नाही. मागावर ताणा सैल पडला तर कापड विणलं जात नाही आणि जास्त ओढला तर धागा तुटतो. ताण हा काही मागाचा आजार नव्हे, माग चालू असल्याचं ते लक्षण आहे. इंग्रजीतला स्ट्रेससुद्धा असाच लोखंडावर आणि पुलांवर पडणाऱ्या भाराच्या शास्त्रातून वैद्यकात आला. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकानं १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की शरीराला कुठलाही मोठा त्रास दिला तरी त्याचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. त्या प्रतिसादाला त्यानं पुढे स्ट्रेस हे नाव रूढ केलं. लक्षात घ्या, हे प्रतिसादाचं नाव आहे, रोगाचं नाही. मुलीचं लग्न, तुरीचा भाव, कारखान्याचं थकलेलं ऊसबिल, सासूचं पथ्यपाणी या सगळ्याचा ताण येतो, यावाच लागतो, आणि कारण सरलं की बहुतेकांचा उतरतो. 'तुम्हाला ताण आहे' हे निदान म्हणून सांगणं म्हणजे 'तुम्हाला घाम येतो' असं सांगण्यासारखं आहे. घाम कशानं येतो ते सांगा ना!

हां, एक बाजू मान्य करायला हवी. एखादी मोठी आपत्ती कोसळल्यावर किंवा आयुष्याची घडी विस्कटल्यावर माणूस महिनोन्महिने सावरत नाही, त्याचं काम बंद पडतं. अशा अवस्थांना वैद्यकात वेगळी नावं आहेत आणि त्यांना उपचारही आहेत. पण तिथेही डॉक्टर भार मोजत नाही, माणूस किती वाकलाय ते मोजतो. दोन शेजारी शेतकऱ्यांची द्राक्षबाग एकाच गारपिटीत गेली. एक जण आठ दिवसांनी छाटणीला लागला, दुसरा दोन महिने घराबाहेर पडला नाही. ताण दोघांना सारखाच होता. आजार, असलाच तर, दुसऱ्याला आहे.

आता टेन्शन. हा शब्द मराठी नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी माझ्या ओपीडीत एक सकाळ बसावं. वळसंग अक्कलकोटच्या रस्त्यावर. इथं मराठी बोलणारा येतो, घरी कन्नड बोलणारी आजी येते, सोलापुरात तेलुगू बोलत वाढलेली सून येते. तिघांच्या तोंडात टेन्शन हा शब्द एकच असतो आणि तिघांनाही त्यात लाज वाटत नाही. लाज न वाटणारा शब्द ही डॉक्टरच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे.

पण या शब्दाचे दोन धोके आहेत. पहिला धोका रक्तदाबाच्या पेशंटना. आम्ही डॉक्टर रक्तदाबाच्या आजाराला हायपरटेन्शन म्हणतो. पेशंट त्याचा सरळ अर्थ लावतो: हायपर, म्हणजे जास्त, टेन्शन. मग पोरगा नोकरीला लागला, घराचं कर्ज फिटलं, टेन्शन संपलं, म्हणून तो गोळी बंद करतो. रक्तदाब १७० वर १०० असतो आणि माणूस मजेत असतो. त्या शब्दातलं टेन्शन रक्तवाहिन्यांतल्या दाबाचं आहे, मनातलं नव्हे. मन शांत असलं तरी गोळी चालू ठेवायची.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. टेन्शन हा शब्द पेशंटनं वापरला तर ती तक्रार असते. तोच शब्द डॉक्टरनं किंवा घरच्यांनी तपासणीच्या आधी वापरला तर ती पळवाट असते. पन्नाशीची, मधुमेह असलेली बाई सांगते की जीव घाबरा होतो, दम लागतो, घाम येतो. घरचे म्हणतात, टेन्शन घेते. मधुमेहात आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. मधुमेहाच्या गोळीनं साखर फार खाली गेली तरी असाच घाम आणि थरथर होते. थायरॉइड जास्त काम करू लागला तर धडधड होते, हात कापतात, वजन उतरतं. त्यामुळे ईसीजी, साखर, रक्तदाब आणि गरजेप्रमाणे थायरॉइड हे पाहिल्याशिवाय टेन्शन हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून निघाला तर नम्रपणे विचारा, "साहेब, आधी ईसीजी काढायचा का?"

दुसरा शब्द चिंता. अँग्झायटीला छापील मराठीत चिंता म्हणतात आणि तिच्या आजाराला चिंताविकार. इथं अडचण अशी की आपल्याकडे चिंतेला मान आहे. काळजी हा शब्द पाहा. काळजी करणं आणि काळजी घेणं या दोन्हींसाठी मराठीला एकच शब्द पुरतो. आईला लेकराची काळजी वाटते म्हणजे तिचं लेकरावर प्रेम आहे. ज्या बाईला कुणाचीच काळजी नाही ती बेफिकीर, आणि हे कौतुक नव्हे. अशा समाजात एखाद्या आईला "तुम्हाला चिंतेचा आजार आहे" म्हटलं, की तिला ऐकू येतं: 'तुम्ही घरादारासाठी झिजता हाच तुमचा आजार.' ती उलट विचारते, "मग काय लेकरांची काळजी करू नको का?" तिचा प्रश्न बरोबर आहे. चूक आपल्या शब्दाची आहे.

वैद्यकीय अर्थ काय आहे ते पाहू. सगळ्याच गोष्टींची काळजी, जिला विषय पुरत नाही. एक मिटली की दुसरी तयार. आपण जास्त काळजी करतोय हे स्वतःला कळतं, पण थांबवता येत नाही. हे निदान सहा महिने तरी बहुतेक दिवस असं चाललं असेल तर करतात. सोबत मान-खांदे आखडलेले, झोप लागत नाही, चिडचिड होते, लवकर थकायला होतं. यातला कळीचा भाग काळजी नाही. कळीचा भाग 'थांबवता येत नाही' हा आहे. अँग्झायटीचा दुसरा प्रकार म्हणजे पॅनिक अटॅक. अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं, हातापायाला मुंग्या, आता मरणार अशी खात्री. हे दहाएक मिनिटांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. यात काळजी नावाची गोष्ट शोधूनही सापडत नाही. त्या माणसाला "चिंता करू नका" म्हणणं अगदीच हास्यास्पद आहे. तो चिंता करत नव्हता, तो टीव्ही बघत होता.

या दोन्हींसाठी मराठीत एक चांगला शब्द पडून आहे आणि तो कुणी वापरत नाही: धास्ती. "मनानं धास्ती घेतली", "जिवाला धास्ती लागून राहिली" असं आपली माणसं बोलतातच. धास्ती कुणी मुद्दाम करत नाही, ती लागते. तिच्यात प्रेमाचा किंवा कर्तव्याचा भाग नाही, त्यामुळे ती काढून टाकायला कुणाची हरकत नसते. मी पेशंटला सांगतो, "काळजी तुमची आहे, ती ठेवा. धास्ती हा आजार आहे, तिला औषध आहे." एका वाक्यात दोन गोष्टी वेगळ्या होतात. चिंता या शब्दाला हे जमत नाही.

तिसरा शब्द, आणि खरं भांडण याच्यावर. नैराश्य.

हा शब्द निराशेपासून झालेला आहे. निराशेला कारण लागतं: परीक्षेत नापास झालो, पाऊस पडला नाही, तिकीट मिळालं नाही. निराशा म्हणजे पुढे काही चांगलं होईल असं न वाटणं. ते एक मत आहे, आणि मताला आपण युक्तिवादानं उत्तर देतो. म्हणून नैराश्य म्हटलं की घरातला प्रत्येक जण वकील होतो. "अरे तुला काय कमी आहे? दोन वेळचं मिळतंय, पोरं चांगली निघालीत, आशा सोडू नको." आजाराला कुणी असं म्हणत नाही. कावीळ झालेल्याला कुणी 'पिवळा होऊ नको' असं समजावत नाही.

प्रत्यक्षात डिप्रेशनच्या आजारात निराशा किती असते? जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९ नावाची. ती मराठीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत खालील त्रास किती वेळा झाला, असं ती विचारते: कशातही रस वा आनंद न वाटणं, मन उदास किंवा निराश असणं, झोप बिघडणं, थकवा, भूक बिघडणं, स्वतःबद्दल कमीपणा वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या घालणं, आणि मरून जावं असे विचार. निराशा हा यातल्या एका प्रश्नाचा अर्धा भाग आहे. उरलेले साडेआठ भाग त्या शब्दात कुठेच नाहीत, आणि त्यातले चार तर सरळ शरीराचे आहेत. आमच्याकडे येणारा पेशंट बहुतेक वेळा तेच शरीराचे भाग घेऊन येतो: अंग गळून गेलंय, डोकं जड, पहाटे जाग येते, जेवण गोड लागत नाही. त्याला नैराश्य म्हटलं की तो प्रामाणिकपणे म्हणतो, "मी निराश नाही हो," आणि उठून जातो. तो खोटं बोलत नसतो.

त्यात वर्तमानपत्रांनी भर घातली. 'नैराश्यातून आत्महत्या' हे दोन शब्द मथळ्यात इतक्या वेळा जोडीनं छापले गेलेत की एक वाचला की दुसरा आपोआप ऐकू येतो. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याच्या मार्गदर्शक सूचना प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये स्वीकारल्या. एकाच कारणाचं सोपं लेबल लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटना त्याआधीपासून सांगत आली आहे. मथळे तसेच आहेत. परिणाम माझ्या टेबलापलीकडे बसलेला असतो: एका नवऱ्याच्या हातात बायकोचा कागद, त्यावर नैराश्य, आणि त्यानं घरातली कीटकनाशकं कुलपात टाकून बायकोला माहेरी पाठवायची तयारी केलेली. कीटकनाशकं कुलपात हवीतच, ती सगळ्यांच्याच घरात हवीत. पण त्या बाईच्या मनात मरणाचा विचार एकदाही आलेला नव्हता, आणि तिला हे कुणी विचारलंही नव्हतं.

हीच केस थोडी सविस्तर सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. वय अडतीस, घरची शेती, दोन मुलं. तीन महिन्यांपासून थकवा आणि डोकेदुखी. दोन ईसीजी झालेले, दोन्ही नॉर्मल. सलाइन चार वेळा. शेवटी एका ठिकाणी नैराश्य लिहून गोळ्या दिल्या. सासूबाईंचं म्हणणं, "हिला कसली आलीय निराशा? सगळं तर आहे." बाईंनी अपमान वाटून गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद केल्या.

मी त्यांना तो शब्द उच्चारलाही नाही. विचारलं, "अक्का, झोप कशी आहे?" पहाटे तीनला डोळे उघडतात, मग लागत नाही, रोज. थकवा रोज. जेवणाची वासना अर्ध्याहून जास्त दिवस नाही. गावच्या यात्रेला गेल्या नाहीत, बहिणीचा फोन घ्यावासा वाटत नाही. रस गेलाय, तोही अर्ध्याहून जास्त दिवस. भाजीत मीठ दोनदा पडतं, लक्ष राहत नाही. मन उदास? कधीतरी. आपण कामाच्या नाही असं? कधीतरी. मग सरळ विचारलं, "जीव नकोसा होतो का? मरून जावं असं येतं मनात?" त्या म्हणाल्या, नाही, पोरं आहेत. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. उलट विचारल्यावर पेशंटला हायसं वाटतं.

या प्रश्नावलीत 'अजिबात नाही'ला शून्य, 'काही दिवस'ला एक, 'अर्ध्याहून जास्त दिवस'ला दोन आणि 'जवळपास रोज'ला तीन गुण. झोप तीन, थकवा तीन, भूक दोन, रस दोन, लक्ष दोन, उदासी एक, कमीपणा एक. बेरीज चौदा, सत्तावीसपैकी. दहा किंवा त्याहून जास्त झालं की डॉक्टरनं नीट तपासावं असा संकेत आहे. चौदा म्हणजे मध्यम.

पण गुण म्हणजे निदान नव्हे. हिमोग्लोबिन केलं, ९.२ निघालं. पाळीत रक्त जास्त जात होतं. थकवा याचाही असू शकतो, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थायरॉइड ठीक होता. मात्र रक्त कमी असल्यानं पहाटे तीनला रोज जाग येत नाही आणि बहिणीचा फोन नकोसा होत नाही. ते दुसऱ्या आजाराचं काम होतं. दोन्ही एका वेळी असू शकतात, आणि एक सापडला म्हणून दुसरा शोधायचा थांबवायचा नसतो.

त्यांना आणि सासूबाईंना एकत्र बसवून मी जे सांगितलं ते जवळपास असं होतं: "यांचं रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देतोय. आणि मेंदूत झोप, भूक, उमेद सांभाळणारं जे काम चालतं ते तीन महिन्यांपासून मंद झालंय. म्हणून झोप मोडते आणि कशात मन लागत नाही. हे मनाच्या कमजोरीनं झालेलं नाही, विचार करून जाणारं नाही. हा आजार पुष्कळांना होतो आणि बहुतेकांचा बरा होतो. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होईल, ती जाते. सवय लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायची नाही." दुसऱ्या भेटीत, झोप थोडी सुधारल्यावर, नाव सांगितलं: "याला डिप्रेशनचा आजार म्हणतात." तोपर्यंत त्या शब्दामागे त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचा अर्थ उभा राहिला होता. आठ आठवड्यांनी बेरीज पाचवर आली. बरं वाटल्यावरही पुढे किमान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते. ते मात्र मला तीनदा सांगावं लागलं.

आता उलटी केस. स्पर्धा परीक्षेचा मुलगा, वय चोवीस. निकाल लागून चार दिवस झालेले. मोबाइलवर हीच प्रश्नावली भरली, बेरीज बारा. खाली लिहून आलं: मध्यम नैराश्य. त्यानं गटावर टाकलं, आईनं वाचलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. प्रश्न दोन आठवड्यांचा होता, त्यानं उत्तर चार दिवसांचं दिलं होतं. मित्राकडे गेला की तो हसत होता, जेवत होता. त्याला खरोखर निराशा होती आणि तिला कारण होतं. इथं नैराश्य हा शब्द मराठी म्हणून अचूक आहे आणि निदान म्हणून चूक. मी त्याला गोळी दिली नाही. मरणाचे विचार नाहीत ना हे विचारलं, दोन आठवड्यांनी परत बोलावलं. तेव्हा बेरीज चार होती. तो परत आला नसता किंवा बेरीज वाढली असती तर माझं मत बदललं असतं. दोन आठवडे थांबून पाहणं हाही तपासणीचाच भाग आहे.

माझ्या या भूमिकेवर शहरातले मानसोपचाराचे जाणकार आक्षेप घेतात. ते म्हणतात, नाव लपवलं तर कलंक वाढतो. कर्करोगाचं नाव घ्यायला लोक घाबरायचे, आपण घेत गेलो म्हणून भीती कमी झाली. आक्षेप वजनदार आहे, पण तो पहिल्या भेटीला लागू होत नाही, आणि याचा पुरावा आपल्याच मुलखातला आहे.

गोव्यात 'मानस' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. विक्रम पटेल आणि संगथ संस्थेच्या मंडळींचा. २४ दवाखाने, अर्धे सरकारी प्राथमिक केंद्रं, अर्धे खाजगी. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी उदासी आणि धास्तीच्या पेशंटना मदत केली. पेशंटशी बोलताना त्यांनी मानसिक रोगाची लेबलं बाजूला ठेवून लोकांच्याच तोंडचे टेन्शनसारखे शब्द वापरले. निकाल २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत निदान पक्कं झालेल्या पेशंटपैकी सहा महिन्यांनी या पद्धतीत शंभरात सुमारे ६६ जण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४३. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि हे यश एकट्या शब्दाचं नाही, समुपदेशन, पाठपुरावा, औषध या सगळ्याचं आहे. पण लेबल न लावल्यानं लोक बरे होत नाहीत, हे म्हणणं त्यातून नक्कीच खोटं ठरतं.

दुसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातलं. त्या कार्यक्रमाचं नाव 'विश्राम', आणि त्या नावाच्या इंग्रजी विस्तारात डिप्रेशन नाही, स्ट्रेस आहे. तीस गावांत काम झालं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण उपचारासाठी कुणाकडे गेले होते. दीड वर्षानंतर हा आकडा २७ झाला. दारावरची पाटी घाबरवणारी नसली की माणसं आत येतात. आत आल्यावर त्यांना खरं नाव सांगायला कुणाची हरकत आहे? माझी तर नाहीच.

नाव लगेच आणि स्पष्ट सांगावं लागतं अशा वेळाही आहेत. मरणाचे विचार येत असतील तेव्हा. बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघेनाशी झाली तेव्हा. पूर्वी कधी आठवडाभर झोपेविना उत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या बाता असं झालं असेल तेव्हा. कारण तो दोन टोकांचा आजार असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. भास होत असतील तेव्हा. अशा पेशंटला टेन्शन आहे म्हणून घरी पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. तिथं मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही त्याच आठवड्यात. जीव द्यायची भाषा असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही.

केसपेपरवर मी आजाराचं वैद्यकीय नाव देवनागरीत लिहितो: डिप्रेशन, मध्यम, गुण इतके, तारीख. पुढचा डॉक्टर गोंधळू नये, विम्याचा कागद अडू नये म्हणून. त्याखाली पेशंटसाठी एक ओळ त्याच्याच शब्दांत: "पहाटे जाग, मन लागत नाही, तीन महिने." घरी गेल्यावर नवरा किंवा सून ती ओळ वाचते. मथळा आठवावा असं त्या ओळीत काही नसतं.

घरच्यांना माझी विनंती एवढीच की शब्दाचा अर्थ शोधू नका, चार गोष्टी पाहा आणि डॉक्टरांना सांगा. किती दिवस झाले? बहुतेक दिवस असतं की अधूनमधून? झोप-भूक बदलली का? आणि रोजचं काय करायचं सुटलंय: गोठा, दुकान, शाळा, देवपूजा, मोबाइलवरची भावंडांशी बडबड? दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक दिवस, आणि काहीतरी सुटलंय, असं असेल तर दाखवा. मग त्याला तुम्ही टेन्शन म्हणा, उदासी म्हणा की 'करमत नाही' म्हणा. मरणाची भाषा असेल तर हे दोन आठवडे मोजत बसायचे नाहीत. रात्री-अपरात्री जवळ कुणी डॉक्टर नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही फुकट फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. फोन लावल्यावर आजाराचं नाव सांगावं लागत नाही. "झोप नाही, जीव नको झालाय" एवढं म्हटलं तरी चालतं.